चित्रओळ

चित्रओळ म्हणजे छायाचित्रात काय दिसते याची ओळख करून देणारा, त्याखाली छापला जाणारा संक्षिप्त मजकूर. चित्रात जे दिसत नाही, विशेषतः कारण आणि दोष, ते लेखात साधार मांडले जाते.

अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अंशतः खुला झाला, तेव्हा तो लगतच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा उंच असल्याचे दिसले. अशा छायाचित्राखालील "भोंगळ कारभाराचा नमुना" ही ओळ मत देते. कोणता पूल कोणता, हे मात्र सांगत नाही. त्याऐवजी "गोखले पूल (डावीकडे) व बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीतील फरक, अंधेरी, मार्च २०२४" असे लिहिता येते. डावे-उजवे पाहणाऱ्याच्या बाजूने धरतात. चित्र आरशासारखे उलटे छापले गेल्यास ही ओळख चुकते, व दुकानाच्या पाटीवरील उलटी अक्षरे पाहून ते ध्यानात येते. फरक किती फूट, हे चित्रावरून ठरवता येत नाही. "सध्या" हा शब्दही फसवा ठरतो. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. महिना व वर्ष दिलेली ओळ त्यानंतरही खरी राहिली.