हत्तीला हात कोणी लावू दिला?

परवा वीकएंडला सोसायटीतल्या बच्चेकंपनीला गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली. ऐनवेळी आठवली ती आपली नेहमीचीच, हत्ती आणि आंधळ्यांची. एकानं पाय चाचपला, म्हणाला खांब. दुसऱ्यानं कान चाचपला, म्हणाला सूप. मग भांडाभांडी. मुलं खिदळली. पण तळमजल्यावरचा एक आठ वर्षांचा मुलगा, ज्याला जन्मापासून दिसत नाही, तो शांतपणे म्हणाला, "काका, पण ते एकाच जागी का थांबले? मी तर सगळीकडे हात फिरवून बघितलं असतं."

आली का पंचाईत! माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर मूळ गोष्ट काढून बसलो, आणि गंमत म्हणजे उत्तर तिथेच होतं.

ही गोष्ट पाली 'उदान' ग्रंथात आहे. श्रावस्तीत वेगवेगळ्या पंथांचे साधू 'आमचंच खरं' म्हणून एकमेकांवर तुटून पडले होते, तेव्हा बुद्धांनी ती सांगितली. त्यात राजा एका माणसाला हुकूम सोडतो की गावातले सगळे जन्मांध गोळा कर आणि त्यांना हत्ती दाखव. तो माणूस काय करतो? काही जणांना फक्त डोकं दाखवतो, काहींना फक्त कान, काहींना फक्त सुळा. आणि प्रत्येकाला सांगतो, हा असा असतो हत्ती. म्हणजे एका जागी थांबणं ही त्या बिचाऱ्यांची चूक नव्हतीच. दाखवणाऱ्यानंच तेवढं दाखवलं. मग हाणामारी जुंपते आणि राजा खूश होऊन बघत बसतो!

पुढे गोष्ट फिरत गेली. तेराव्या शतकात रूमीनं आंधळे काढूनच टाकले. त्याच्याकडे हत्ती अंधाऱ्या घरात आहे आणि चाचपणारे डोळस आहेत. साधारण त्याच काळातल्या महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'तही हा हत्ती भेटतो. तिथे दृष्टांतानंतर 'दार्ष्टांतिक' येतं, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लावायचं ते उलगडून सांगणारा भाग. मग एकोणिसाव्या शतकात जॉन गॉडफ्री सॅक्स या अमेरिकन कवीनं त्यावर विनोदी कविता केली. तिच्यातले सहा जण आपले आपण हत्तीपाशी जातात आणि हाताला जे लागेल त्यावरून मत ठोकून मोकळे होतात. दाखवणारा माणूस गायब! मीही मुलांना जी गोष्ट सांगितली, तिच्यात तो नव्हताच. तो गेला की उरतो फक्त आंधळ्यांचा मूर्खपणा, आणि त्यावरच मुलं हसतात.

असो. तर ठरवलं की गोष्ट पुन्हा सांगायची, पण आपल्या पार्किंगमध्ये घडवून. गणपतीच्या देखाव्यासाठी फायबरचा हत्ती आलाय, रात्रीची वेळ, लाईट गेलेत. मंडळाचा दादा म्हणतो, "ओळखा पाहू काय आणलंय!" आणि एकेकाचा हात धरून नेतो, एकेका जागी टेकवतो, परत आणतो. दादा ठेवायचाच, हे पक्कं.

खरी गोची उपमांची झाली. उदानातल्या उपमा त्या काळच्या घरादारातल्या आहेत: कान म्हणजे सूप, पाय म्हणजे खांब, अंग म्हणजे धान्याची कोठी, शेपूट म्हणजे मुसळ, शेपटीचा गोंडा म्हणजे केरसुणी. आमच्या फ्लॅटमधल्या पोरांनी मुसळ कुठे बघितलंय? पहिल्या खर्ड्यात मी कानाला 'भिंतीवरचा नकाशा' म्हटलं आणि लगेच खोडलं, कारण नकाशा डोळ्यांना कळतो, हाताला तो नुसता कागद. मग स्वतः डोळे मिटून घरातल्या वस्तू चाचपत फिरलो (बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही). शेवटी सोंड झाली व्हॅक्यूम क्लीनरचा पाईप, अंग झालं गच्चीवरची पाण्याची टाकी, पाय झाला पार्किंगचा खांब. कानाला धड काही सापडलं नाही, म्हणून सूपच ठेवलं. एका आजीनं आपलं सूप आणून सगळ्यांच्या हातात दिलं, तेव्हा काम झालं.

दुसऱ्या रविवारी ही गोष्ट सांगितली. भांडणापर्यंत आलो तर मुलं आपसातच वाद घालायला लागली, टाकी की पाईप. तळमजल्यावरचा तो मुलगा मात्र मध्येच म्हणाला, "पण त्या दादानं त्यांना पुन्हा आत का नाही जाऊ दिलं?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग दादाला काय काय शिक्षा करायची यावर जी चर्चा सुरू झाली, ती जेवायच्या हाका येईपर्यंत संपली नाही.