कटआउट, स्टाइल ट्रान्सफर आणि अपस्केलिंग : संयुक्त क्रम

छायाचित्रातील वस्तू पार्श्वभूमीपासून सोडवणे (कटआउट), तिला एखाद्या चित्रशैलीचे रूप देणे (स्टाइल ट्रान्सफर) आणि चित्राची पिक्सेलसंख्या वाढवणे (अपस्केलिंग) या तीन क्रिया दर वेळी सारखाच निकाल मिळेल अशा रीतीने जोडण्याची पद्धत. स्टाइल ट्रान्सफरचे न्यूरल तंत्र गॅटिस, एकर व बेथगे यांनी 2015 मध्ये मांडले.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत तयार होणाऱ्या लोखंडी कास्टिंगचे कॅटलॉगचित्र हे या पद्धतीचे कसोटी पाहणारे उदाहरण होय. काळसर भाग राखी फरशीवर असतो, त्यात बोल्टची आरपार भोके असतात आणि अंगावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा ओळखक्रमांक, उमटवलेला असतो.

मास्क, म्हणजे वस्तू पांढरी व बाकी सर्व काळे दाखवणारे चित्र, मूळ छायाचित्रावरूनच काढावा, कारण कडा ओळखणारी मॉडेल्स मुख्यतः छायाचित्रांवर घडवलेली असतात आणि शैलीचे फटकारे त्यांना कडेसारखे भासतात. भोके भरली गेली असल्यास ती याच वेळी हाताने मोकळी करावीत. मास्क तयार झाला तरी तो लगेच लावू नये, हा या क्रमाचा गाभा आहे. पार्श्वभूमी आधीच काढली तर रिकाम्या जागी सामान्यतः काळा रंग भरला जातो. अनेक शैलीमॉडेल्स संपूर्ण चित्राची सरासरी व विचलन हिशेबात घेत असल्याने त्या काळ्या भागाने कास्टिंगची छटा बदलते आणि कडेजवळ मूळ चित्रात नसलेले फटकारे उगवतात. म्हणून शैली पार्श्वभूमीसह पूर्ण चित्राला द्यावी.

अपस्केलिंग शैलीनंतर करावे. फटकाऱ्याची रुंदी पिक्सेलांत जवळजवळ ठरलेली असल्याने आधी मोठ्या केलेल्या चित्रावर तीच शैली बारीक दिसते, शिवाय चौपट मोजमापाला सोळापट पिक्सेल हाताळावे लागतात. 768×1024 चे चित्र चौपट केल्यास 3072×4096 होते व ते 2480 रुंदीपर्यंत उतरवले की ए4 पानाच्या रुंदीला 300 डीपीआय मिळतात. मास्क मात्र न्यूरल मॉडेलने न वाढवता साध्या बायक्युबिक पद्धतीने त्याच मापाला न्यावा, एक-दोन पिक्सेल आत घ्यावा आणि शेवटी शैली देऊन वाढवलेल्या rang.png या चित्राला जोडावा :

```
magick rang.png mask.png -alpha off -compose CopyOpacity -composite out.png
```

निकाल काळ्या व पांढऱ्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर ठेवून पाहावा. एकीवरच कडेभोवती फिकट किंवा गडद वलय दिसले, तर मास्कमध्ये फरशीचा भाग शिरलेला असतो. मधल्या फाइली जेपेगमध्ये साठवू नयेत, कारण जेपेगच्या चौकटींचे डाग अपस्केलर तपशील समजून ठळक करतो.

पुनरावृत्तीसाठी मॉडेलची आवृत्ती, शैलीचे प्रमाण, कामाचे माप व सीड यांची नोंद ठेवावी लागते.

हीट नंबर ही या पद्धतीची मर्यादा आहे. अपस्केलर अस्पष्ट आकड्याच्या जागी पटण्यासारखा पण चुकीचा आकडा रचू शकतो आणि शैलीमुळे मशिनिंग केलेला पृष्ठभागही ओतीव दिसू लागतो. त्यामुळे असे चित्र मुखपृष्ठाला चालते, तपासणी अहवालाला मूळ छायाचित्रच जोडावे लागते.