समीक्षकाचे टोपणनाव

समीक्षकाचे टोपणनाव म्हणजे पुस्तक, नाटक, चित्रपट किंवा संशोधनलेख यांचे परीक्षण करणाऱ्या व्यक्तीने आपले खरे नाव झाकण्यासाठी घेतलेले आणि प्रत्येक परीक्षणाखाली एकाच रूपात वापरलेले नाव. असे नाव निनावी लेखनाहून वेगळे असते. निनावी परीक्षणामागे कोणी एक व्यक्ती सातत्याने आहे की नाही, हे वाचकाला कळत नाही. टोपणनावामुळे मात्र आजचे मत आणि दोन वर्षांपूर्वीचे मत एकाच व्यक्तीचे आहे हे कळते, आणि त्या मतांचा खरेखोटेपणा पडताळता येतो. हाच त्याचा उपयोग आहे आणि धोकाही यातूनच निर्माण होतो, कारण प्रत्येक नव्या परीक्षणाबरोबर त्या नावाखाली विश्वास जसा साठतो, तशा लेखकाच्या ओळखीच्या खुणाही साठत जातात.

## स्वरूप

संशोधनपत्रिकांत लेख तपासणाऱ्यांचा उल्लेख बहुधा 'परीक्षक १', 'परीक्षक २' असा केला जातो. हा क्रमांक त्या एका लेखापुरता असतो. पुढच्या लेखाचा 'परीक्षक १' दुसराच कोणी असू शकतो. त्यामुळे माग लागण्याची शक्यता कमी होते, पण परीक्षकाची कीर्ती किंवा अपकीर्तीही तयार होत नाही. साहित्यविषयक नियतकालिकांत याच्या उलट पद्धत आढळते. तेथे वाचक एका ठरावीक नावाची वाट पाहतो आणि त्या नावाच्या आवडीनिवडी त्याला ठाऊक होतात.

'माग लागू नये' ही अपेक्षा कोणाच्या बाबतीत आहे, हे आधी ठरवावे लागते. सामान्य वाचक, परीक्षण झालेला लेखक, समीक्षकाचे शेजारी आणि नियतकालिकाचा संपादक यांच्याजवळची माहिती सारखी नसते. वाचकापासून लपलेले नाव शेजाऱ्याला एका वाक्यावरून ओळखू येऊ शकते.

## मराठीतील नावे आणि त्यांतील खुणा

मराठीतील अनेक प्रसिद्ध टोपणनावे नात्यांवरून घडलेली आहेत. कृष्णाजी केशव दामले यांनी 'केशवसुत' हे नाव घेतले. त्यात वडिलांचे नाव सरळ आलेले आहे. दत्तात्रेय अनंत आपटे यांचे 'अनंततनय' हे नावही याच घडणीचे आहे. राम गणेश गडकरी यांचे 'गोविंदाग्रज' आणि वि. वा. शिरवाडकर यांचे 'कुसुमाग्रज' ही नावे भावंडांवरून आली. ही नावे कवींची असून ओळख दडवणे हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. ज्याला ओळख दडवायची आहे त्याने मात्र ही परंपरा टाळावी लागते, कारण 'सुत', 'तनय', 'अग्रज' यांसारखे प्रत्यय खऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवतात.

गावावरून घडलेली नावेही अशीच बोलकी असतात. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहावर 'विभावरी शिरूरकर' असे नाव होते. त्यामागील लेखिका बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे पुष्कळ काळ गुप्त राहिले आणि लेखक कोण याविषयी तर्कवितर्क चालले. तरीही या नावातून लेखन स्त्रीचे असल्याचा दावा आणि शिरूर या पुणे जिल्ह्यातील गावाचा निर्देश वाचकाला मिळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला भास्कर पांडुरंग तर्खडकर यांचे उदाहरण आहे. १८४१ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात ब्रिटिश राजवटीवर टीका करणारी पत्रे लिहिली. त्यांखाली 'एक हिंदू' अशा अर्थाची सही होती. इंग्रजी येणारा मुंबईतील कोणीही हिंदू तो असू शकत होता. नाव जितक्या अधिक लोकांना लागू पडते तितका त्याचा आडोसा मोठा, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

## ठणठणपाळ

मराठी साहित्यव्यवहारावर टोपणनावाने लिहिलेल्या सदरांत 'घटका गेली, पळे गेली' हे सदर विशेष प्रसिद्ध आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'ललित' या मासिकात ते येत असे आणि त्याचा लेखक 'ठणठणपाळ' होता. लेखक, प्रकाशक, संमेलने आणि नवी पुस्तके यांची त्यात थट्टा असे. वसंत सरवटे यांनी काढलेल्या चित्रांमुळे या पात्राला चेहराही मिळाला. हे लेखन कादंबरीकार आणि नाटककार जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांचे असल्याचे पुढे सर्वश्रुत झाले.

नाव म्हणून 'ठणठणपाळ' ही निवड अनेक दृष्टींनी निर्दोष आहे. ते सदराच्या शीर्षकातील घटिका-पळांशी आणि तासाच्या ठणठणाटाशी जुळते, म्हणून वाचकाच्या लक्षात राहते. त्यात आडनाव, गाव, जात किंवा कुटुंब यांची खूण नाही. कोणा खऱ्या व्यक्तीचे ते नाव असण्याचा संभव नाही, त्यामुळे भलत्याच माणसावर संशय जात नाही. त्याचे लेखन करण्याची रीतही एकच आहे.

तरीही ओळख उघड झाली, आणि त्यात नावाचा दोष दिसत नाही. अशा सदरातील मजकूरच लेखकाभोवतीचे वर्तुळ लहान करतो. साहित्यव्यवहारातील आतल्या गोष्टी ठाऊक असणारी, दरमहा विनोदी लेखन करू शकणारी आणि संपादकाच्या निकटची माणसे मुळातच थोडी असतात.

## माग कसा लागतो

पहिला मार्ग माणसांचा आहे. २०१३ मध्ये 'रॉबर्ट गॅलब्रेथ' या नावाने एक इंग्रजी रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. ती जे. के. रोलिंग यांची असल्याची बातमी त्यांच्या वकिलांच्या कार्यालयातील एकाने घरच्या मैत्रिणीला सांगितलेल्या गोष्टीतून बाहेर पडली. नाव कितीही चांगले असले, तरी ते कोणाकोणाला माहीत आहे यावर त्याची सुरक्षितता ठरते. नियतकालिकात संपादकाखेरीज मानधनाचा हिशेब ठेवणारा, टपाल उघडणारा आणि मुद्रिते पाठवणारा यांनाही खरे नाव कळू शकते. म्हणून पत्रव्यवहार एकाच व्यक्तीमार्फत ठेवतात.

दुसरा मार्ग शैलीचा आहे. गॅलब्रेथ प्रकरणात भाषातज्ज्ञ पॅट्रिक जुओला यांनी शब्दांच्या लांबीचे प्रमाण, सर्वाधिक वापरातील शब्द, लागोपाठ येणाऱ्या शब्दांच्या जोड्या आणि अक्षरांचे लहान गट संगणकाने मोजून ती कादंबरी इतर लेखकांच्या कादंबऱ्यांशी ताडून पाहिली होती. येथे दुर्मिळ शब्दांपेक्षा साधे शब्द अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांकडे लेखकाचे लक्ष नसते. मराठीत 'आणि' की 'व', 'पण' की 'परंतु', 'च' आणि 'ही' यांचा वापर, तसेच क्रियापद वाक्याच्या मध्ये ठेवण्याची सवय या अशाच खुणा आहेत. शुद्धलेखनावरून वयाचाही अंदाज येतो. १९६२ च्या नियमांनंतरही न उच्चारले जाणारे अनुस्वार देत राहणारा लेखक जुन्या वळणाचा आहे, हे कळण्यास संगणक लागत नाही.

तिसरा मार्ग तपशिलांच्या बेरजेचा आहे. बहुतेक टोपणनावे याच मार्गाने ओळखू येण्याचा धोका असतो, म्हणून तो उदाहरणाने पाहणे सोयीचे ठरेल.

## एक कल्पित उदाहरण : शिनोली

आंबेगाव तालुक्यातील शिनोली येथे राहणारी एक निवृत्त शिक्षिका पुण्याच्या एखाद्या मासिकासाठी ग्रामीण कादंबऱ्यांची परीक्षणे लिहू इच्छिते, असे समजू. तिच्या परिचयातील एका लेखकाच्या पुस्तकावरही तिला प्रतिकूल मत द्यायचे आहे, म्हणून टोपणनाव हवे आहे.

'शिनोलीकर' हे नाव तात्काळ बाद होते. एका गावात नव्या कादंबऱ्यांवर लिहिणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतात. 'घोडकाठ' हे नाव थोडे बरे वाटते, पण घोड नदीच्या काठची गावेही मोजकीच आहेत. स्वतः विचारपूर्वक निवडलेल्या नावात आवडता लेखक, घरातील माणूस किंवा बालपणीची आठवण नकळत शिरते. म्हणून निवड चिठ्ठ्यांवर सोपवतात. रोजच्या वापरातील तीस-चाळीस नामे, जसे उंबरठा, पायरी, चाळण, कोनाडा, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांतली एक उचलली जाते. 'पायरी' हा शब्द निघाला, तर त्या नावाने पूर्वी कोणी लिहिले आहे का, हे ग्रंथालयाच्या सूचीत आणि जुन्या अंकांत पाहावे. नसल्यास ते नाव कायम करावे आणि दुसऱ्या कोणत्याही लेखनाला वापरू नये. याच नावाने गावातील पाणीप्रश्नावर वर्तमानपत्राला पत्र गेले, तर दोन्ही वाचकवर्ग एकमेकांना जोडले जातात.

पुढचे काम अधिक कठीण आहे. दुसऱ्या परीक्षणात ती हिरडा गोळा करणाऱ्यांच्या दिवसाचे बारकावे लिहिते. चौथ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतील वर्गाची आठवण येते. सहाव्यात घोडेगावातील एका समारंभात ऐकलेले वाक्य येते. यांतील प्रत्येक तपशील अनेकांना लागू पडतो. तिन्ही एकत्र केल्यास मात्र भीमाशंकरच्या वाटेवरील भागात राहणारी, शाळेत काम केलेली आणि त्या दिवशी समारंभास हजर असलेली व्यक्ती शोधायची असते. अशी व्यक्ती बहुधा एकच निघते.

यावर उपाय म्हणून एका वहीत 'पायरी'विषयी आजवर छापून आलेले सर्व वैयक्तिक तपशील तारखेसह नोंदवतात. नवे परीक्षण पाठवण्यापूर्वी ती यादी वाचून, एवढ्या माहितीत बसणारी माणसे किती, असा प्रश्न विचारतात. संख्या पाच-सहांवर आली, तर नवा तपशील वगळतात. त्याजागी खोटे गाव किंवा खोटा व्यवसाय घालत नाहीत. ग्रामीण कादंबरीच्या परीक्षकाला तो परिसर किती ठाऊक आहे, यावर त्याच्या मताचे वजन अवलंबून असते. तपशील वगळल्याने वजन थोडे कमी होते, तर खोट्या तपशिलाने वाचकाची फसवणूक होते. समारंभासारख्या घटनेचा उल्लेख अटळ असल्यास तो काही महिन्यांनी आणि स्थळ न सांगता करतात.

ओळख उघड झाल्यावर नुसते नाव बदलून उपयोग होत नाही. तीच शैली, तेच विषय आणि तेच मासिक असल्यास नवे नाव जुन्याशी लगेच जोडले जाते.

## मर्यादा

भारतात नियतकालिकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापावी लागतात. त्यामुळे बदनामीचा दावा झाल्यास ते समोर असतात आणि टोपणनावामुळे लेखकाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. त्या मुदतीत लेखकाची ओळख जाहीर झाल्यास तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत मोजला जातो.

आडोशाचा गैरवापरही होतो. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ मध्ये आपल्याच काव्यसंग्रहाची निनावी परीक्षणे लिहिली होती. म्हणून समीक्षकाचे लेखकाशी असलेले नाते आणि हितसंबंध संपादकाला तरी माहीत असणे आवश्यक मानले जाते. परिणामी, वाचकांपासून पूर्ण दडलेल्या समीक्षकालाही किमान एका व्यक्तीवर विश्वास ठेवावा लागतो.