फीडलरचे परिस्थितिसापेक्ष नेतृत्व-प्रतिमान

नेत्याची शैली आणि परिस्थिती त्याला किती अनुकूल आहे, या दोहोंच्या मेळावर गटाची कामगिरी ठरते असे मांडणारे संघटन-मानसशास्त्रातील प्रतिमान. व्हिएन्नात जन्मलेले आणि १९३८ मध्ये अमेरिकेत स्थलांतर केलेले मानसशास्त्रज्ञ फ्रेड फीडलर (१९२२–२०१७) यांनी इलिनॉय विद्यापीठात ते विकसित केले. १९६४ मध्ये त्याची पहिली सविस्तर मांडणी झाली, तर १९६७ मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला.

प्रतिमानाचा उगम एका अडचणीत आहे. १९५०च्या दशकात फीडलर आणि त्यांचे सहकारी शालेय बास्केटबॉल संघ, भूमापन करणारी पथके, बॉम्बफेकी विमानांचे चालकदल, पोलाद कारखान्यातील तुकड्या असे नाना प्रकारचे गट तपासत होते. नेता आपल्या सहकाऱ्यांकडे कसा पाहतो आणि गटाचे काम कसे होते, यांचा संबंध त्यांना सापडत होता. पण काही गटांत तो धन येई, काहींत ऋण. काही ठिकाणी सहकाऱ्यांना कठोरपणे जोखणारा नेता सरस ठरे, तर काही ठिकाणी सौम्य नजरेचा. निष्कर्ष एकमेकांना खोडतात म्हणून ते टाकून देण्याऐवजी फीडलर यांनी गटांची परिस्थितीनुसार वर्गवारी केली, आणि चिन्हांची ही उलटापालट एका क्रमात बसू लागली. म्हणजे सिद्धांत आधी आणि पुरावा मागून, असे येथे घडलेले नाही. आकडे आधी आले. टीकाकारांनी पुढे नेमके यावरच बोट ठेवले.

नेत्याची शैली मोजण्याची रीत काहीशी आडवळणाची आहे. ज्याच्याबरोबर काम करणे आजवर सर्वांत अवघड गेले, असा एक सहकारी नेत्याने आठवायचा. मग मैत्रीपूर्ण–वैरभावी, सहकार्यशील–असहकारी अशा परस्परविरोधी विशेषणांच्या जोड्यांवर त्याला १ ते ८ गुण द्यायचे. रूढ झालेल्या एका आवृत्तीत अशा १८ जोड्या आहेत, त्यामुळे बेरीज १८ ते १४४ यांच्या दरम्यान येते. हाच ‘एलपीसी’ गुणांक. त्या नकोशा माणसातही काही बरे पाहणाऱ्याचा गुणांक चढा येतो, आणि त्याला संबंधाभिमुख म्हणतात. काम बिघडवणारा माणूस ज्याला सर्वच बाबतींत वाईट वाटतो तो कार्याभिमुख. ही शैली म्हणजे प्रेरणेचा बऱ्यापैकी स्थिर क्रम आहे, मनात आले की बदलता येणारी वागणूक नव्हे, असे फीडलर यांचे म्हणणे होते.

परिस्थितीची अनुकूलता तीन गोष्टींवरून ठरते. नेता आणि सदस्य यांचे संबंध कसे आहेत, काम कितपत आखीव आहे आणि पदामुळे नेत्याच्या हाती बक्षीस-शिक्षेचा किती अधिकार येतो. तिन्हींचे वजन सारखे नाही. फीडलर, चेमर्स आणि महार यांनी १९७६ मध्ये ‘लीडर मॅच’ ही प्रशिक्षणपद्धती आणली. तीत संबंधांना ४०, कामाच्या आखीवपणाला २० आणि पदाधिकाराला १० अशी कमाल गुणसंख्या आहे. प्रत्येक घटकाच्या दोन अवस्था धरल्या की आठ प्रकारच्या परिस्थिती तयार होतात. अगदी अनुकूल आणि अगदी प्रतिकूल या दोन्ही टोकांना कार्याभिमुख नेता सरस ठरतो, मधल्या पट्ट्यात संबंधाभिमुख, हे प्रतिमानाचे मध्यवर्ती भाकीत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कारखान्यातील एका पाळीच्या पर्यवेक्षिकेचा एलपीसी गुणांक ५० आहे, म्हणजे ती कार्याभिमुख. कामगारांशी संबंध चांगले (३४), काम ठरलेल्या टप्प्यांचे (१७), रजा आणि बढतीत तिच्या शब्दाला वजन (८). बेरीज ५९. ५१ ते ७० हा अनुकूल पट्टा असल्याने मेळ जमतो. आता तिला नव्या उत्पादनाच्या कल्पना सुचवणाऱ्या समितीचे प्रमुखपद मिळाले. संबंध ३०, पण काम मोघम (६) आणि सदस्य तिच्या हाताखालचे नाहीत (४). बेरीज ४० वर येते आणि ती मधल्या पट्ट्यात जाते. येथे संबंधाभिमुख नेत्याची बाजू सरस. फीडलर तिला स्वभाव बदलायला सांगणार नाहीत. समितीला कार्यकक्षा आणि मुदती आखून द्या, जोडीला तिचा अधिकारही वाढवा, असे सुचवतील. नोकरी माणसाला साजेशी करून घ्यावी, हा त्यांचा आग्रह.

याच विचारातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. प्रशिक्षण आणि अनुभव यांनी नेत्याचा परिस्थितीवरचा ताबा वाढतो. मधल्या पट्ट्यात उत्तम चाललेला संबंधाभिमुख नेता अशा प्रशिक्षणानंतर अनुकूल पट्ट्यात सरकतो आणि तेथे त्याची कामगिरी घसरण्याची शक्यता असते. सर्वांना एकच अभ्यासक्रम देणाऱ्या प्रशिक्षण विभागांना हे न रुचणारे आहे.

प्रतिमानाची गाजलेली कसोटी बेल्जियमच्या नौदलात झाली. तेथे प्रत्येकी तिघांचे ९६ गट बनवले गेले. निम्म्यांचे नेतृत्व अनुभवी कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे होते, निम्म्यांचे नव्या भरतीच्या जवानांकडे. काही गट एकभाषिक, तर काहींत फ्रेंच आणि डच भाषक एकत्र. जहाजाने अनेक बंदरांना भेट देण्याचा सर्वांत जवळचा मार्ग काढणे हे आखीव काम. तरुणांना नौदलात येण्याचे आवाहन करणारे पत्र लिहिणे हे मोघम. भाकिताचा कल साधारणपणे दिसला. अनुभवी अधिकाऱ्यांचे गट नवख्यांच्या गटांहून एकंदरीत सरस मात्र ठरले नाहीत. पण गटांची इतकी विभागणी केल्यावर प्रत्येक खान्यात मोजकेच गट उरतात, आणि एवढ्यांवर काढलेला सहसंबंध डळमळीत असतो.

ग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९७० आणि १९७१ मध्ये हाच मुद्दा लावून धरला आणि त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांत भाकिते उतरली नाहीत. याउलट वेस्ट पॉइंट येथील कॅडेटांवरच्या चेमर्स आणि स्क्रझिपेक यांच्या प्रयोगाने (१९७२) प्रतिमानाला बराच आधार दिला. पुढे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. स्ट्रूब आणि गार्सिया यांचा १९८१ मधील निष्कर्ष अनुकूल होता. पीटर्स, हार्टके आणि पोलमन यांच्या १९८५ मधील विश्लेषणात प्रयोगशाळेतील अभ्यासांनी साथ दिली, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या अभ्यासांनी तेवढी नाही.

याहून खोल अडचण एलपीसीची आहे. हा गुणांक नेमके काय मोजतो, याचा अर्थ फीडलर यांनीच वेळोवेळी बदलला. आरंभी मानसिक अंतर, मग गरजांचे स्वरूप, मग प्रेरणांचा उतरता क्रम. मधल्या गुणांकाच्या नेत्यांविषयी प्रतिमान फारसे बोलत नाही. शिवाय ‘लीडर मॅच’मधील पट्ट्यांच्या सीमा मूळ प्रतिमानातील आठ परिस्थितींशी जुळत नाहीत, हे जागो आणि रॅगन यांनी १९८६ मध्ये दाखवले. म्हणजे प्रतिमान खरे धरले, तरी ‘लीडर मॅच’ची पुस्तिका वापरणाऱ्याला चुकीचा सल्ला मिळू शकतो.

हे सारे सहसंबंध अनेक नेत्यांच्या गटांवरून काढलेले आहेत. त्यांवरून एखाद्या विशिष्ट अधिकाऱ्याची बदली करणे किंवा त्याला पदावरून दूर करणे समर्थनीय ठरत नाही; काम किती आखीव आहे आणि अधिकार किती दिला आहे, हे तपासण्यासाठी मात्र ही तीन घटकांची चौकट आजही उपयोगी आहे.