वळवणचे पाणी आणि कार्नोचा धबधबा

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही दरवर्षी तोंडी परीक्षेत उष्मागतिकीचा दुसरा नियम विचारतो. केल्विन-प्लँक यांचे विधान आणि क्लॉसियसचे विधान, दोन्ही घडाघडा म्हटली जातात. मग आम्ही विचारतो, "एका सिलिंडरमधल्या वायूला आपण सावकाश उष्णता दिली, तो प्रसरण पावला, त्याचे तापमान तेवढेच राहिले. दिलेल्या उष्णतेचे किती कार्य झाले?" पुष्कळसे विद्यार्थी म्हणतात, "सर, थोडेच. सगळ्या उष्णतेचे कार्य होत नाही." हे उत्तर चूक आहे. वायू आदर्श असेल तर सगळ्या उष्णतेचे कार्य होते. फक्त शेवटी वायू पसरलेला राहतो, पहिल्या स्थितीत येत नाही. त्याला परत आणून पुन्हा तेच करायचे म्हटले की दुसरा नियम आडवा येतो. विधानातला 'चक्राने काम करणारे' हा शब्द पाठ झालेला असतो, पण तो तिथे कशासाठी आहे ते कुणी विचारलेले नसते.

अशा एका तुकडीला घेऊन आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. जागा मुद्दाम निवडली होती. वाफेचे इंजिन, पडणारे पाणी आणि घाट उतरणारी गाडी, या नियमाच्या इतिहासातली तिन्ही पात्रे मावळात एका दिवसाच्या फेरीत भेटतात.

प्रथम इतिहास. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली 'अग्नीच्या चालकशक्ती'वर एक छोटे पुस्तक लिहिले. वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल, हा त्याचा प्रश्न होता. त्याने उपमा घेतली ती पाणचक्कीची. पाणी उंचावरून खाली येताना चाक फिरवते, तशी उष्णता गरम बॉयलरकडून थंड कंडेन्सरकडे 'उतरताना' काम करते. काम किती मिळणार ते उतारावर, म्हणजे दोन तापमानांवर अवलंबून. वाफेऐवजी हवा वापरली तरी कमाल मर्यादा तीच. तापमानांत फरकच नसेल, तर उष्णता कितीही असो, इंजिन चालणार नाही. कार्नो १८३२ साली कॉलऱ्याने वारला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. क्लापेरॉनने १८३४ मध्ये त्याच्या कल्पनेला गणिती रूप दिले, आणि पुढे तरुण विल्यम थॉमसनने, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विनने, ती उचलली.

आता खंडाळ्याच्या कड्यावरून खाली पाहू. वळवण, लोणावळा आणि शिरोता येथील तलावांतले पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली, खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरते आणि तिथली पेल्टन चाके फिरवते. टाटांच्या या योजनेची पायाभरणी १९११ साली झाली आणि १९१५ पासून ही वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. तोवर त्या गिरण्या कोळशावर, वाफेच्या इंजिनांनी चालत. (शेजारच्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह सत्याग्रह केला. जमिनींचा तो हिशेब आमच्या आजच्या गणितात मावत नाही, म्हणून तो नव्हताच असे नव्हे.)

मुलांना आम्ही एक किलो पाणी दिले, अर्थात कागदावर. सोयीसाठी उतार ५०० मीटर धरला. या पाण्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ४,९०० ज्यूल. चांगले चाक यातील ८५ टक्के किंवा थोडे जास्तही कार्य काढते. आता समजा चाक नाहीच, पाणी नुसते कड्यावरून कोसळले आणि तळाच्या डोहात स्थिरावले. ऊर्जा गेली कुठे? पाणी तापले. हवेला काही दिले नाही असे धरले तर ते सुमारे १.१७ अंशाने तापेल. पहिला नियम समाधानी आहे, एक ज्यूलही हरवला नाही.

"मग हे कोमट पाणी गार होऊन पुन्हा वळवणपर्यंत का चढत नाही?" आम्ही विचारले. पहिल्या नियमाची त्याला हरकत नाही. मुले म्हणाली, "दुसरा नियम." बरे, पण अजिबातच चढणार नाही का? इथे सगळे गप्प झाले. नियम 'शून्य' म्हणत नाही. तो एक आकडा सांगतो, आणि तो काढता येतो.

सभोवतालचे तापमान २५ अंश, म्हणजे २९८ केल्विन धरू. पाणी १.१७ अंशाने अधिक गरम आहे. या फरकावर एक निर्दोष, कार्नोच्या कल्पनेतले इंजिन चालवू. पाणी गार होत जाते तसा फरकही कमी होत जातो, म्हणून सरासरी फरक ०.५९ अंशच. ०.५९ ला सुमारे २९९ ने भागले की कार्यक्षमता येते हजारात दोन. ४,९०० ज्यूलमधून मिळाले सुमारे १० ज्यूल. एवढ्यात ते एक किलो पाणी किती वर जाईल? एका मीटरला थोडे कमी.

पाचशे मीटर पडले, आणि जगातल्या सर्वोत्तम यंत्रानेही ते एकच मीटर चढवता येते. एका मुलाने हा हिशेब तीनदा तपासला. ऊर्जा तेवढीच आहे, पण तिची काम करण्याची योग्यता गेली आहे. दुसरा नियम या गमावलेल्या योग्यतेचा हिशेब ठेवतो.

मग वाफेकडे वळलो. सुमारे दहा वातावरण दाबाची संपृक्त वाफ १८० अंश सेल्सियसला, म्हणजे ४५३ केल्विनला असते. गिरणीच्या इंजिनाचा कंडेन्सर ४० अंशाला, म्हणजे ३१३ केल्विनला धरू. कार्नोची मर्यादा येते सुमारे ३१ टक्के. विद्यार्थ्यांचा ठाम समज असतो की उरलेली ६९ टक्के उष्णता घर्षण, गळती आणि जुनाट बनावट यांमुळे जाते. तसे नाही. घर्षण शून्य केले, गळती बुजवली, तरी ६९ टक्के खाली सोडावीच लागते. प्रत्यक्ष इंजिन ३१ टक्क्यांपर्यंतही पोचत नाही, ते मात्र घर्षण आणि गळती यांसारख्या दोषांमुळे. हे दोन तोटे वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले.

भोर घाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली तेव्हा ती ओढणाऱ्या इंजिनांना कंडेन्सरही नव्हता. वापरलेली वाफ धुराड्यातून भकभक बाहेर पडे, म्हणजे खालची पायरी १०० अंशावरच थांबलेली. तेवढ्याने मर्यादा १८ टक्क्यांच्या आत येते. प्रत्यक्षात रेल्वेची वाफेची इंजिने यापेक्षा कितीतरी कमी देत. ३७ फुटांना एक फूट असा चढ चढताना जळणाऱ्या कोळशाचा मोठा भाग खंडाळ्याची हवा तापवण्यात जाई.

आता कार्नोची चूक पाहू, कारण खरी समज तिथे आहे. पाणचक्कीत जेवढे पाणी वर असते तेवढेच खाली पोचते. कार्नोच्या पुस्तकात उष्णताही तशीच, न घटता खाली पोचते. ज्यूलच्या प्रयोगांनी हे खोटे ठरले. वरून १०० एकक उष्णता घेतली आणि ३१ चे कार्य केले, तर खाली ६९ च पोचणार. मग उपमा टाकून द्यायची का? क्लॉसियसने १८५० मध्ये आणि केल्विनने १८५१ मध्ये दाखवले की कार्नोचा निष्कर्ष खरा आहे, फक्त पाया बदलायला हवा. त्यातून आपली ती दोन पाठ विधाने आली.

पाया कसा बदलला ते आकड्यांतच दिसते. १०० ला ४५३ ने भागा, उत्तर ०.२२१. खाली पोचलेल्या ६९ ला ३१३ ने भागा, पुन्हा ०.२२१ च्या आसपास. उष्णता वर आणि खाली सारखी नाही, पण उष्णता भागिले तापमान सारखे आहे! या राशीला क्लॉसियसने १८६५ साली 'एन्ट्रॉपी' हे नाव दिले. भोर घाट सुरू होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. कार्नोच्या धबधब्यातले पाणी म्हणजे ही एन्ट्रॉपी, आणि उंची म्हणजे तापमान. ०.२२१ ला १४० अंशांच्या उताराने गुणा, ३१ एकक कार्य हजर.

पण उपमा एका ठिकाणी तुटते, आणि ती तुटते ते बरेच आहे. खोपोलीत चाक न फिरवता पाणी सोडले तरी खाली तेवढेच पाणी पोचते. उष्णता मात्र काम न करता घसरली, म्हणजे १०० एकक सरळ ४५३ वरून ३१३ वर गेली, तर खालची एन्ट्रॉपी होते ०.३१९. म्हणजे ०.०९८ नव्याने जन्माला आली. तिला ३१३ ने गुणले की पुन्हा सुमारे ३१, म्हणजे जे कार्य मिळू शकले असते आणि हुकले, नेमके तेवढे. कड्यावरून कोसळलेल्या पाण्याचेही तसेच: एन्ट्रॉपी १६.४ ने वाढली, तिला २९८ ने गुणा, जवळजवळ सगळे ४,९०० ज्यूल.

एका मुलीने विचारले, "सर, मग जलविद्युत दुसऱ्या नियमातून सुटली का? तिथे ८५ टक्के मिळतात." उंचावरच्या पाण्याची ऊर्जा उष्णता नाही, म्हणून चाकावर कार्नोची मर्यादा लागत नाही. पण ते पाणी वर चढवले कोणी? सूर्याच्या उष्णतेने समुद्र वाफाळला आणि मोसमी वारे घाटावर आले. ते एक अवाढव्य उष्णतेचे इंजिन आहे, आणि त्याची कार्यक्षमता फारच थोडी. किंमत चुकवलेली असते, आपल्याला तिचे बिल येत नाही इतकेच.

परतीच्या गाडीत आम्ही पुण्याऐवजी मुद्दाम कर्जतकडे उतरलो. घाट उतरणाऱ्या गाडीचे लोखंडी ब्रेक चाकांवर घासले की सगळी ऊर्जा उष्णता होते आणि तो जळका वास येतो. १९२९ साली हा मार्ग पुण्यापर्यंत विजेवर आला. तेव्हा आलेल्या, चालकांनी 'खेकडा' नाव ठेवलेल्या इंजिनांत उतरताना मोटारच जनित्र होई आणि वीज वरच्या तारेत परत जाई, चढणाऱ्या गाडीच्या कामाला येई. दुसऱ्या नियमाने याला मज्जाव केलेला नाही, कारण मध्ये उष्णता येतच नाही. ब्रेक लावला की तीच ऊर्जा परतीच्या पलीकडे जाते.

त्या हिशेब तपासणाऱ्या मुलाने कर्जतला शेवटचा प्रश्न विचारला. चाकाने ८५ टक्के काढले, तर उरलेल्या १५ टक्क्यांनी पाणी तापायला हवे, ते मोजता येईल का? येते. १.१७ चे १५ टक्के म्हणजे ०.१८ अंश. उंच उताराच्या वीजकेंद्रांत टर्बाइनची कार्यक्षमता मोजण्याची एक मान्य पद्धत नेमकी हीच आहे: आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा, आणि दाबातील फरकाचा परिणाम हिशेबात घ्यायचा. त्याने वहीत लिहून घेतले आणि शाळेतल्या तापमापीवर ०.१८ दिसेल का, याचा विचार करत बसला.