दोन जहाजें आणि एक करार

करारांच्या चर्चेंत 'कन्सेन्सस अॅड इडेम' हे लॅटिन शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ इतकाच, कीं उभय पक्षांचें एकाच गोष्टीवर मतैक्य हवें. या शब्दांचा एक प्रसिद्ध दाखला मुंबईच्या कापसाशीं निगडित आहे.

रॅफल्स यांनीं विचेलहाउस यांना सुरती कापसाच्या १२५ गांठी विकण्याचें ठरविलें. माल मुंबईहून 'पीअरलेस' जहाजानें लिव्हरपूलला यावयाचा होता. पण त्या नांवाचीं दोन जहाजें होतीं. एक ऑक्टोबरांत निघालेलें, दुसरें डिसेंबरांत. दुसऱ्या जहाजाचा माल विक्रेत्यानें पुढें केला, तेव्हां आपल्याला पहिलें अभिप्रेत होतें, असें सांगून खरेदीदारानें तो नाकारला. विक्रेत्यानें दावा लावला. मतैक्यच नाहीं, म्हणून करारही नाहीं, असा युक्तिवाद खरेदीदाराचे वकील मेलिश यांनीं केला. १८६४ सालीं लंडनच्या न्यायालयानें कारणें न देतां खरेदीदाराच्या बाजूनें निकाल दिला.

मात्र 'माझ्या मनांत निराळें होतें' एवढ्यानें कोणाची सुटका होत नाहीं. करारांतील शब्दांचा सुज्ञ माणसाला एकच अर्थ लागत असेल, तर न्यायालय तोच धरतें. येथें करारांत जहाज निघण्याचा महिना नव्हता आणि नांव दोन्ही जहाजांना सारखेंच लागू पडत होतें.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याचें तेरावें कलम हेंच सांगतें: एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य करणें, म्हणजे संमति. 'पीअरलेस' पुढें एका महिन्याचें नांव लिहिलें असतें, तर हा वाद उद्भवलाच नसता.