महागाईची दोन तोंडे

भाव वाढला म्हणजे लोक ती वस्तू कमी घेतात, हे आपणांपैकी कोणालाही शिकवावे लागत नाही. मंडईत जाऊन आलेल्या प्रत्येक गृहिणीला ते ठाऊक आहे. परंतु ‘कमी का घेतात?’ असा पुढचा प्रश्न विचारला, तर त्याचे नेमके उत्तर हाती येण्यास अर्थशास्त्राला बरीच वर्षे लागली. ते उत्तर प्रथम सापडले तेव्हा जगात महायुद्ध पेटले होते आणि त्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रारंभ इंग्लंडात करू. केंब्रिजचे प्राध्यापक आल्फ्रेड मार्शल ह्यांचा अर्थशास्त्रावरील मोठा ग्रंथ १८९० साली निघाला. मागणीचा नियम त्यांनी ज्या रीतीने मांडला, ती रीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी गिरवली. त्यांचे आवडते उदाहरण चहाचे. चहा महागला तर माणूस थोडा कमी चहा घेईल, कारण शेवटच्या पेल्यापासून मिळणारे समाधान आता त्या वाढीव किमतीच्या तोलाचे राहिले नाही. हे मांडताना मार्शल एक गोष्ट गृहीत धरीत, ती अशी की चहावरचा खर्च घरखर्चाचा अगदी लहानसा भाग असतो. म्हणून चहा महागल्याने माणसाच्या लेखी रुपयाचे, म्हणजे तेथे पौंडाचे, मोल बदलत नाही. चहाच्या बाबतीत हे बरोबरच होते. पण जी वस्तू घरखर्चाचा निम्मा भाग खाऊन टाकते, तिचे काय?

ही फट मार्शल ह्यांच्याच नजरेस आली. १८९५ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी एक छोटा परिच्छेद घातला आणि त्यातील निरीक्षणाचे श्रेय सर रॉबर्ट गिफेन ह्या सरकारी संख्याशास्त्रज्ञाला दिले. पाव महागला म्हणजे गरीब मजुराच्या कुटुंबाची एवढी ओढाताण होते की, त्याला मांस व इतर महाग अन्न सोडावे लागते. आणि पाव महागूनही पोट भरण्यास तोच सर्वांत स्वस्त असल्यामुळे ते कुटुंब पाव कमी नव्हे, तर अधिक खाऊ लागते, असा त्याचा आशय होता. गंमत अशी की, गिफेनच्या स्वतःच्या लिखाणात हे विधान शोधणाऱ्यांना ते निश्चितपणे कोठे सापडलेले नाही. तरी नाव चिकटले ते चिकटलेच. नियमाच्या पोटात हा अपवाद काट्यासारखा राहिला. तो खरा की खोटा हे ठरविण्याआधी, तो मुळात शक्य का आहे, हे कोणी तरी सांगावयास हवे होते.

ते सांगणारा मनुष्य कीव्ह शहरात होता. त्याचे नाव यूजेन स्लुत्स्की, जन्म १८८० चा. विद्यार्थी चळवळीत पडल्यामुळे १९०२ साली विद्यापीठाने त्याला काढून टाकले. मग तो म्यूनिकला यंत्रशास्त्र शिकावयास गेला, परत येऊन १९११ साली कीव्ह येथेच कायद्याची पदवी घेतली आणि तेथील व्यापारी शिक्षणसंस्थेत शिकवू लागला. गणित हा त्याचा पिंड. १९१५ च्या जुलैमध्ये त्याचा ग्राहकाच्या जमाखर्चावरील एक लेख इटलीच्या अर्थशास्त्रविषयक मासिकात, इटालियन भाषेत, प्रसिद्ध झाला. सारा युरोप खंदकांत उतरला होता. रशियातल्या एका अपरिचित शिक्षकाची समीकरणे वाचणार कोण?

त्या समीकरणांचा गाभा मात्र बीजगणिताशिवायही समजतो. त्यासाठी आपल्याकडच्याच एका घराचा हिशेब घेऊ. आकडे कल्पित आहेत. ते सोपे पडावेत म्हणून असे निवडले आहेत. एका कष्टकरी कुटुंबाचा धान्यावरचा महिन्याचा खर्च १८०० रुपये. ज्वारी ३० रुपये किलो, तांदूळ ६० रुपये किलो. कुटुंब ४० किलो ज्वारी आणि १० किलो तांदूळ घेते. १२०० आणि ६००, हिशेब पुरा. आता ज्वारी ३६ रुपये झाली. तांदूळ होता तेथेच आहे.

येथे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात आणि त्या दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली अशी की, ज्वारी आणि तांदूळ ह्यांचे आपसांतले नाते बदलले. पूर्वी एक किलो तांदळासाठी दोन किलो ज्वारी सोडावी लागे. आता पावणेदोन किलोपेक्षाही थोडी कमी सोडून भागते. म्हणजे ज्वारीच्या मानाने तांदूळ स्वस्त झाला. दुसरी अशी की, कुटुंब गरीब झाले. हाती रुपये तेवढेच आहेत, पण पूर्वीचीच पिशवी भरावयाची म्हटले तर आता २०४० रुपये लागतील. ४० किलोंवर किलोमागे ६ रुपये, असा २४० रुपयांचा खड्डा पडला. जणू कोणी पगारातून तेवढे कापून घेतले.

ह्या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची स्लुत्स्कीची युक्ती अशी. समजा, त्या कुटुंबाच्या हाती कोणी २४० रुपये ठेवले. आता जुनी पिशवी जशीच्या तशी घेता येते. गरिबीचा भाग भरून निघाला. तरीही कुटुंब जुनीच पिशवी घेईल काय? बहुधा नाही. महिन्याला किमान ४८ किलो धान्य त्यांना लागतेच असे धरा. तर ३५ किलो ज्वारी आणि १३ किलो तांदूळ घेणे त्यांना २०४० रुपयांत बसते, आणि ताटात भात थोडा वाढतो. ज्वारी ५ किलोंनी उतरली, ती केवळ नाते बदलल्यामुळे. ह्याला म्हणतात पर्यायता परिणाम. आता ते २४० रुपये काढून घ्या. १८०० रुपयांत ४८ किलो धान्य तर हवेच. मग ४५ किलो ज्वारी आणि अवघा ३ किलो तांदूळ, एवढाच मेळ बसतो. ३५ वरून ज्वारी ४५ वर गेली, ती गरिबी आल्यामुळे. हा उत्पन्न परिणाम. एकाने ज्वारी ५ किलो घटवली, दुसऱ्याने १० किलो वाढवली. म्हणून महागलेली ज्वारी ४० च्या जागी ४५ किलो विकली गेली. गिफेनचा अपवाद आपल्या डोळ्यांदेखत घडला, आणि त्यात कोणी वेडेपणा केलेला नाही.

स्लुत्स्कीने दाखविले ते असे की, पर्यायता परिणामाची दिशा ठरलेली असते. खड्डा भरून दिला, तर महागलेली वस्तू कधीही अधिक घेतली जात नाही. उत्पन्न परिणामाला मात्र अशी एकच दिशा नाही. दूध, फळे, चांगले कापड ह्यांसारख्या बहुतेक वस्तू माणूस गरीब झाला म्हणजे कमी घेतो. तेथे दोन्ही परिणाम एकाच बाजूला ओढतात आणि मागणीचा नियम दुप्पट जोराने खरा ठरतो. ज्या वस्तू गरिबी आली म्हणजे अधिक घ्याव्या लागतात, तेथे दोघांची ओढ विरुद्ध असते. आणि ही दुसरी ओढ किती जोराची, हे आपण ती वस्तू मुळात किती घेत होतो ह्यावर अवलंबून राहते. मीठ दुपटीने महागले तरी घर बुडत नाही. जे कुटुंब महिन्याला ५ किलोच ज्वारी घेते, त्याला ह्या भाववाढीने फक्त ३० रुपयांचा खड्डा पडतो. ते निमूटपणे ज्वारी कमी करील. म्हणजे एकाच दुकानात, एकाच भावाने, दोन घरे उलट दिशांना जाऊ शकतात.

जवळजवळ वीस वर्षे हा लेख पडून राहिला. १९३४ साली लंडनमध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन ह्यांनी हीच फोड स्वतंत्रपणे केली. स्लुत्स्की आपल्या आधी तेथवर पोहोचला होता, हे कळल्यावर त्यांनी श्रेय नाकारले नाही. ॲलनने १९३६ साली त्या विस्मृत लेखावर निबंध लिहिला, आणि हिक्सने १९३९ च्या आपल्या ग्रंथात त्या विवेचनाला स्लुत्स्कीचेच नाव दिले. स्लुत्स्की तोपर्यंत अर्थशास्त्र सोडून संख्याशास्त्राकडे व गणिताकडे वळला होता. १९४८ साली तो मॉस्कोत वारला.

तर्काने अपवाद शक्य ठरला. पण तो प्रत्यक्षात घडतो काय? अनेक वर्षे पाठ्यपुस्तके १८४५ नंतरच्या आयर्लंडातील दुष्काळातल्या बटाट्याचा दाखला देत. तो टिकत नाही. तेथे रोगाने बटाट्याचे पीकच नासले होते. जे शेतातच नाही ते देशाने अधिक खाल्ले, असे कसे म्हणता येईल? शिवाय सगळ्यांचे उत्पन्नही त्याबरोबरच बुडाले. निव्वळ भावाचा परिणाम पाहावयाचा तर भावच तेवढा हलवला पाहिजे.

तसे रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर ह्यांनी चीनमध्ये केले. सुमारे तेराशे गरीब कुटुंबांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडून, मुख्य धान्य स्वस्त मिळण्याची कुपने पाच महिने दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हुनान प्रांतातील निष्कर्ष स्पष्ट होता : तांदूळ स्वस्त झाला तेव्हा ही कुटुंबे तांदूळ कमी खाऊ लागली, आणि कुपने बंद होताच पुन्हा अधिक. गान्सू प्रांतातील गव्हाच्या बाबतीत पुरावा इतका भक्कम निघाला नाही. अगदी अन्नान्नदशेतील कुटुंबांतही हे दिसले नाही. कारण ज्यांच्या ताटात धान्याखेरीज सोडण्यासारखे काही उरलेलेच नाही, त्यांना धान्य महागले म्हणजे धान्यच कमी करावे लागते. तेव्हा हा अपवाद गरिबीच्या एका अरुंद पट्ट्यातच भेटतो.

मग ह्याचा आपणांस उपयोग कोणता? एक तर हा की, महागाईतही धान्याचा खप वाढला म्हणून ‘लोकांजवळ पैसा आहे’ असे म्हणण्याची घाई करू नये. आपल्या उदाहरणातील दुकानदाराच्या वहीत ज्वारी वाढलेलीच दिसेल. ताटातला भात कोठे गेला, हे त्या एका पानावरून कळणार नाही. त्यासाठी त्याच घराच्या तांदळाचे पान उलटावे लागेल. दुसरा उपयोग महागाई भत्त्याच्या संदर्भात. कामगारांच्या ठरलेल्या पिशवीची किंमत मोजून तिच्या वाढीइतका भत्ता देणे, म्हणजे ते २४० रुपये हातावर ठेवणे. त्याने भाव उतरत नाही, आणि कुटुंब जुनीच पिशवी घेईल असेही नाही. पण ४५ किलो ज्वारी व ३ किलो तांदूळ, आणि ३५ किलो ज्वारी व १३ किलो तांदूळ, ह्या दोन ताटांतील अंतर त्या रकमेचे असते. ज्या घरात ती रक्कम पोहोचत नाही, तेथे महागाईचे दुसरे तोंड उघडते.